‘हळू शिकवा’ नको लिहूस, कुठे अडलं ते लिही

*ताई, मी बारावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. आठवड्यातून तीन दिवस गावाहून एसटीने अमळनेरला गणिताच्या ट्युशनला जाते. आम्ही तिघीच आहोत. सरांचं गणित एकदम पक्कं आहे, पण ते इतकं भराभर शिकवतात की वहीत सगळं उतरतं आणि डोक्यात काहीच राहत नाही. घरी आल्यावर माझ्याच वहीतलं गणित मला सुटत नाही. सध्या इंटिग्रेशन चालू आहे. बाकी दोघींना समजतं, मीच कमी पडते. मेसेज लिहून ठेवलाय: “सर सॉरी, मला काहीच समजत नाहीये, मी मॅथ्समध्ये थोडी वीक आहे, प्लीज जरा स्लो शिकवाल का?” पण पाठवायची हिंमत होत नाही. आई म्हणते, सरांना असं सांगू नये, त्यांना राग येईल. पप्पांनी वर्षाची फी आधीच भरलीय. पाठवू का?*
*— एक विद्यार्थिनी, पारोळा तालुका*

मेसेज जरूर पाठव. पण तू लिहून ठेवलेला नको पाठवूस. त्यात उद्धट काही नाही, उलट गरजेपेक्षा जास्तच नम्र आहे. अडचण एवढीच की तो वाचून सरांना नेमकं काय करायचं ते कळणार नाही.

मी स्वतः बरीच वर्षं अकरावी-बारावीला गणित शिकवलं आहे, त्यामुळे असा मेसेज आल्यावर शिकवणारा काय करतो ते सांगू शकते. तो दोन तास जरा सावकाश बोलतो. प्रत्येक ओळीनंतर तुझ्याकडे बघून “आता समजलं ना?” असं विचारतो. तू मान डोलावतेस. तिसऱ्या तासाला त्याचा हात जुन्या वेगाने चालायला लागतो, आणि आता तुझी पंचाईत होते, कारण एकदा सांगून झालेलं असतं, पुन्हा कसं सांगायचं? यात सरांची चूक नाही. “काहीच समजत नाही” या वाक्यात धरायला जागाच नाही. काहीच म्हणजे काय? कुठल्या ओळीपासून?

म्हणून मेसेजच्या आधी एक आठवडा तुला थोडं काम करावं लागेल. त्याआधी ‘भराभर’ म्हणजे नक्की काय होतं ते एका गणितावर बघू. तुझं इंटिग्रेशन चालू आहे म्हणतेस, म्हणजे हे गणित वहीत असणारच. sin²x चं इंटिग्रेशन. सरांनी फळ्यावर किंवा कागदावर बहुधा एवढंच लिहिलं असेल:

```
∫ sin²x dx = ½ ∫ (1 − cos 2x) dx
           = x/2 − (sin 2x)/4 + c
```

दोन ओळी. सरांना त्या लिहायला अर्धं मिनिट पुरतं. आता पहिल्याच ओळीत काय काय दडलंय ते बघ. अकरावीचं सूत्र आहे, cos 2x = 1 − 2 sin²x. ते उलटं फिरवलं की sin²x = (1 − cos 2x)/2 मिळतं. मग ते इंटिग्रलमध्ये sin²x च्या जागी घातलं आणि छेदातला 2 बाहेर काढला. दुसऱ्या ओळीत 1 चं इंटिग्रेशन x, आणि cos 2x चं इंटिग्रेशन (sin 2x)/2. कोनात 2 असल्यामुळे इथे आणखी एकदा 2 ने भागायचं, म्हणून बाहेरच्या अर्ध्याशी गुणून खाली 4 आला.

सरांसाठी ही एकच हालचाल आहे. त्यांनी ती इतक्या वेळा केलीय की sin²x दिसताच हात आपोआप cos 2x कडे वळतो. ते पायऱ्या मुद्दाम गाळत नाहीत, त्यांना त्या पायऱ्या आता वेगळ्या दिसतच नाहीत. तुझ्यासाठी मात्र त्या पाच वेगळ्या गोष्टी आहेत. नवीन काही शिकताना माणूस डोक्यात एका वेळी साधारण चारच गोष्टी धरून ठेवू शकतो, असं स्मरणशक्तीवर काम करणारे नेल्सन कोवन यांनी 2001 मध्ये मांडलं, आणि हुशार माणसालाही ही मर्यादा असतेच. तू पहिल्या ओळीपाशी “हा 1 − cos 2x कुठून आला?” म्हणून थांबलीस, तेवढ्यात सर दुसऱ्या ओळीवर गेले. मग विचार सोडून तू नुसतं उतरवायला लागलीस. त्या क्षणापासून तुझा हात चालू आहे, डोकं बंद.

आता गंमत बघ. या गणितात इंटिग्रेशन म्हणून जे आहे, ते दुसऱ्या ओळीत आहे, आणि ते तुला कदाचित येतंही. तू अडलीस ती अकरावीच्या त्रिकोणमितीपाशी. सरांनी हेच गणित निम्म्या वेगाने शिकवलं असतं तरी तू तिथेच अडली असतीस, फक्त जरा जास्त वेळ. आपल्याकडे अकरावीचं वर्ष कसं जातं ते तुला ठाऊक आहे. बोर्ड नाही, त्यामुळे कॉलेजही निवांत आणि मुलंही. ते उधारीचं खातं बारावीच्या इंटिग्रेशनमध्ये उघडतं.

पण तुझं सगळं अडणं याच जातीचं आहे, असं मी इथे बसून ठरवणार नाही. ते तूच तपासायचं. पुढचा आठवडाभर ट्युशनमध्ये वहीच्या समासात पेन्सिलीने खुणा कर. खुणा तीनच. ओळ कुठून आली ते कळलं नाही तर प्रश्नचिन्ह. कळत होतं, पण लिहिण्याच्या नादात सरांचं बोलणं निसटलं, तर एक बाण. तिसरी खूण घरी करायची: तासाला सगळं पटलं होतं, पण दुसऱ्या दिवशी जमलं नाही, तर गोल. तासाला खूण करायला क्षणभरच लागला पाहिजे, तेव्हा त्यात विचार करू नकोस. शंका आली की कर.

गोल कसा ठरवायचा ते नीट सांगते, कारण इथे पुष्कळ जण स्वतःला फसवतात. वही उघडून गणित वाचलं की ते आल्यासारखं वाटतं. ते तुझं अक्षर आहे, ओळखीचं आहे, म्हणून तसं वाटतं. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी वही मिट, कोऱ्या कागदावर फक्त प्रश्न लिही आणि सोडवायला बस. पेन जिथे थांबेल तिथे कागदावर रेघ मार. मग वही उघड आणि त्या रेघेशी वहीतली कुठली ओळ येते ते बघ, आणि गोल त्या ओळीवर कर. एका तासातली दोन गणितं अशी तपासलीस तरी पुरे, सगळी नकोत.

आठवड्याच्या शेवटी समास बघ. कुठली खूण जास्त आहे त्यावर सरांना काय मागायचं ते ठरेल, कारण तिन्हींची औषधं वेगळी आहेत.

प्रश्नचिन्हं जास्त असतील तर तुला वेग कमी करून नकोच आहे. तुला सूत्र दिसायला हवंय. सरांना सांगायचं की मागचं सूत्र वापराल तेव्हा ते बाजूला चौकटीत लिहा. त्यांना यासाठी पाच सेकंद लागतात. आणि तुझ्याकडून तू ती सूत्रं पाठ करून जायचीस.

बाण जास्त असतील तर भांडण उतरवून घेण्याशी आहे. ऐकणं, समजणं आणि लिहिणं एकाच वेळी तुझ्याकडून होत नाही, आणि ते बहुतेकांकडून होत नाही. तुम्ही तिघीच आहात, मग तिघींनी तेच उतरवायची काय गरज? सरांना विचारा की गणित संपल्यावर कागदाचा फोटो घेतला तर चालेल का. गणित चालू असताना पेन खाली ठेवायचं, संपल्यावर लिहायचं. काही सरांना मुलांनी लिहीत राहिलेलं आवडतं, त्यांना वाटतं लिहीत नाही म्हणजे लक्ष नाही. म्हणून आधी विचारलेलं बरं.

आणि गोल जास्त असतील, तर तासातला वेग बरोबर आहे, पण तिथे सोडवणारे सर आहेत आणि तू बघणारी. गणित बघून येत नाही. तेव्हा मागायचं ते हे की नवीन प्रकाराचं पहिलं गणित सरांनी पूर्ण करून दाखवावं, आणि दुसरं तुम्हाला तीन-चार मिनिटं स्वतः करू द्यावं. त्या वेळात सरांनी बोलायचं नाही. हे शेवटचं सर्वांत अवघड असतं, शिकवणाऱ्याला शांतता सहन होत नाही.

त्यावरून एक गोष्ट सांगावीशी वाटते. अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या बाईंनी 1970 च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांची रेकॉर्डिंग ऐकून शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबतात ते मोजलं. सरासरी निघाली साधारण एक सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही की शिक्षक स्वतःच बोलायला लागायचे किंवा पुढच्या मुलाकडे वळायचे. हेच थांबणं तीन सेकंदांपर्यंत नेलं, तर मुलांची उत्तरं लांबली, गप्प बसणारी मुलं कमी झाली आणि मुलं स्वतःहून प्रश्न विचारू लागली. तीन सेकंद म्हणजे काय गं, एक दमभर. “समजलं ना?” नंतर सर किती थांबतात ते एकदा मनातल्या मनात मोजून बघ.

याच “समजलं ना?” मुळे तुला वाटतंय की बाकी दोघींना सगळं येतं. तुला हे कशावरून कळलं? त्या मान डोलावतात म्हणून? मग त्यांनाही तुझ्याबद्दल तेच वाटत असणार, कारण तूही डोलावतेस. समोर सर, शेजारी दोघी, आणि प्रश्न असा की त्याचं सोपं उत्तर ‘हो’ आहे. अशा वेळी माझ्या वर्गातसुद्धा सगळ्यांना सगळं समजायचं, आणि चाचणीत निम्म्या वर्गाला तीच पायरी यायची नाही. परतीच्या एसटीची वाट बघत उभ्या असाल तेव्हा एकीला कागद दे आणि म्हण, हे आजचं दुसरं गणित वही न बघता करून दाखव ना. तिलाही जमलं नाही तर मेसेज तिघींचा मिळून जाईल, आणि त्याचं वजन वेगळं. तिला जमलं तर तीच तुझी अकरावीची सूत्रं आठ दिवसांत पक्की करून घेईल. दोन्हीकडून तुझाच फायदा.

‘वीक’ हा शब्दही काढून टाक. तो लिहिलास की सरांच्या डोक्यात प्रश्न सरकतो. त्यांच्या पायऱ्या गळतात हे बाजूला राहतं आणि तुझी कुवत हा विषय होतो. मग ते तुला सोपी गणितं देतील. तुला सोपी गणितं नको आहेत.

आता आईच्या भीतीबद्दल. ती उगाच घाबरत नाही. तिने पाहिलेले गुरुजी वेगळे होते, त्यांच्यापुढे “समजलं नाही” म्हणणं म्हणजे उलट उत्तर. तिच्या म्हणण्यातला एक भाग मीही घेईन: दोघींसमोर किंवा ट्युशनच्या ग्रुपवर हे लिहू नकोस. चारचौघांत सांगितलं की ती तक्रार होते, आणि माणूस स्वतःची बाजू मांडायला लागतो. त्यांच्या स्वतःच्या नंबरवर, एकटीने लिही. आणि पप्पांना फोन करायला लावू नकोस, निदान पहिल्या वेळी तरी. पप्पा बोलले की विषय फीवर जातो. तू लिहिलंस तर विषय sin²x वर राहतो. फी भरून झालीय हे गप्प बसायचं कारण कसं होईल? पैसे वहीत उतरवण्यासाठी भरले नव्हते.

सरांच्या बाजूनेही एकदा बघ, म्हणजे मेसेज लिहिताना सूर आपोआप बरोबर लागतो. गणिताचा लेखी पेपर 80 गुणांचा, पुस्तकाचे दोन भाग, आणि कॉलेजची प्रिलिम यायच्या आत पोर्शन संपवायचा असतो. वर सीईटी. एमएचटी-सीईटीला गणिताचे 50 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंही मिळत नाहीत. सरांच्या हाताला जो वेग आहे तो तुलाही मार्च-एप्रिलमध्ये लागणार आहे. फक्त तो पाठ केलेल्या सूत्रांवर आणि स्वतः सोडवलेल्या गणितांवर येतो, दुसऱ्याचं भराभर बघून येत नाही. सरांना हे पटवून द्यायची गरज नाही, त्यांना ते माहीत असतं. तू पोर्शन अडवत नाहीयेस एवढं त्यांना दिसलं पाहिजे.

समजा तुझ्या खुणांत प्रश्नचिन्हं सर्वांत जास्त निघाली आणि त्याखालोखाल गोल. मग मेसेज असा होईल:

“सर नमस्कार. या आठवड्यात इंटिग्रेशन करताना मी कुठे अडते ते वहीत खुणा करून बघितलं. बहुतेक खुणा त्रिकोणमितीचं सूत्र वापरलेल्या ओळींपाशी आहेत, उदा. sin²x चं cos 2x मध्ये रूपांतर. ती ओळ कुठून आली ते शोधेपर्यंत पुढच्या ओळी निघून जातात. अकरावीची ती सूत्रं मी पुढच्या सोमवारपर्यंत पाठ करून येते. तोपर्यंत सूत्र वापराल तेव्हा ते बाजूला लिहाल का? आणि प्रत्येक नवीन प्रकाराचं दुसरं गणित आम्हाला आधी स्वतः करून बघायला तीन-चार मिनिटं मिळतील का? खुणा केलेल्या एका पानाचा फोटो पाठवत आहे. सोमवारी तासानंतर पाच मिनिटं बोलले तर चालेल का?”

बघ, यात ‘हळू’ कुठेही नाही. ‘सॉरी’ही नाही, कारण माफी मागण्यासारखं काही घडलेलं नाही. अडलेली जागा नावानिशी आहे, म्हणून सरांना लगेच कळेल की ही मुलगी इंटिग्रेशनमध्ये अडलेली नाही, आणि त्यांना कदाचित हायसंच वाटेल. स्वतः काय करणार ते आधी आहे, त्यांच्याकडून काय हवं ते नंतर. मागण्या दोनच. तिसरी घातलीस तर तिन्ही विसरल्या जातील. बाण असले तरी सरांच्या कागदाचा फोटो घेण्याची गोष्ट या मेसेजमध्ये घालू नकोस, ती पुढच्या महिन्यात तोंडी विचारता येईल. आणि शेवटी पाच मिनिटं मागितली आहेत, कारण व्हॉट्सॲपवर असा विषय संपवायचा नसतो. तिथे “ठीक आहे” असं उत्तर येतं आणि त्यातला सूर कळत नाही. मग रात्रभर आपण ते “ठीक आहे” उलटंपालटं करत बसतो.

तुझ्या वहीच्या पानाचा फोटो मात्र टाळू नकोस. समासातल्या पेन्सिलीच्या खुणांचं एक पान दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगतं, आणि शिकवणाऱ्याला ते बघायला आवडतं. विद्यार्थी नेमका कुठे थांबतो हे आम्हाला एरवी दिसतच नाही. आम्हाला दिसतो तो पेपर, तोही सहा महिन्यांनी.

वेळ सांभाळ. रात्री अकराला नको, तासाच्या आधी अर्धा तासही नको. रविवारी सकाळी पाठव. उत्तर आलं नाही तर सोमवारी तासानंतर जरा मागे थांब आणि म्हण, “सर, मेसेज पाठवला होता.” बोलताना मराठी अडखळली तर अहिराणीत बोल. “सर, आठे माले समजनं नही” असं वहीवर बोट ठेवून म्हटलेलं इंग्रजीतल्या ‘डाऊट’पेक्षा सरळ पोचतं, आणि सर आपल्याकडचे असतील तर तेही तेवढ्याच सहज उत्तर देतील.

त्यांनी “पोर्शन मागे पडेल” म्हटलं तर वाद घालू नकोस, हिशेब मांड. समजा ते एका तासात तीन प्रकारांची प्रत्येकी चार अशी बारा गणितं घेतात. प्रत्येक प्रकारातलं पहिलं त्यांनी करायचं, दुसरं तुम्ही करायचं, तिसरं त्यांनी फक्त सुरुवात करून सोडायचं आणि चौथं घरी. चौथं गणित घरी गेल्याने वाचलेला वेळ दुसऱ्या गणिताच्या तीन-चार मिनिटांना पुरतो. धडा एक दिवसही लांबत नाही. घरी गेलेल्या गणिताची उत्तरं पुस्तकात मागे असतात, म्हणजे तपासायचं कामही सरांकडे जात नाही. हे तू विद्यार्थिनी म्हणून सुचवायला काही हरकत नाही, फक्त “असं केलं तर जमेल का सर?” असं विचार.

मग दोन आठवडे थांब. आणि फरक पडला की नाही हे मनाला विचारू नकोस, कोऱ्या कागदाला विचार. तीच परीक्षा: वही मिटून, दुसऱ्या दिवशी, दोन गणितं. रेघ पहिल्या ओळीवरून तिसऱ्या-चौथ्या ओळीवर सरकली असेल तर चाललंय ते बरोबर चाललंय, सरांचा हात तेवढ्याच वेगाने चालत असला तरी. रेघ तिथल्या तिथे असेल तर आणखी एकदा प्रत्यक्ष बोल. तरीही काही हललं नाही, तर ट्युशन सोडायच्या आधी एक मधला मार्ग आहे. अकरावीच्या त्रिकोणमितीपुरतं, महिनाभर, गावातल्या बीएस्सीच्या एखाद्या ताई-दादाकडे बस. सरांना तेही सांगून ठेव, लपवू नकोस, नाहीतर त्यांना वाटेल तू त्यांना सोडायच्या तयारीत आहेस.

सोडायचं कधी, तेही लिहिते, कारण अशी पत्रं मला आणखीही येतात. सर भराभर शिकवतात हे सोडायचं कारण नाही. प्रश्न विचारल्यावर हसतात, टोमणा मारतात, किंवा “हे तर यायलाच पाहिजे” म्हणून पुढे जातात आणि हे दोनदा सांगूनही चालूच राहतं, तर ते कारण आहे. मग पप्पांना बोलू दे, आणि उरलेल्या महिन्यांच्या फीचं काय तेही त्यांनाच विचारू दे.

हे वाचणारे सगळेच बारावीचे नसतील. टायपिंग, टॅली, शिवणकाम, इंग्रजी बोलणं अशा शिकवण्या मोठी माणसंही लावतात आणि तिथे हेच होतं. त्यांच्यासाठी एकच सांगते. शिकवणाऱ्याला ‘हळू’ म्हणण्यापेक्षा माऊस, कात्री किंवा पेन स्वतःच्या हातात मागून घ्या. टॅलीत व्हाउचर एंट्री दाखवताना शिकवणारा स्वतः माऊस फिरवत असेल तर कितीही सावकाश फिरवला तरी घरी ती एंट्री तुम्हाला जमणार नाही. माऊस तुमच्या हातात आला की वेग आपोआप तुमचा होतो, आणि शिकवणाऱ्याला कुणी काही सांगितल्यासारखंही वाटत नाही. लहान मुलांचे आईवडील मात्र याच्या उलट करतात. “आमचा जरा स्लो आहे” असं शिक्षकांना मुलासमोर सांगतात. ते मुलासमोर नको, आणि ‘स्लो’ही नको. वजाबाकीत हातचा घेताना चुकतो, एवढंच सांगावं.

आता तुझ्या कामाचं शेवटचं. तू सरांना लिहिणार आहेस की सूत्रं पाठ करून येते, तर कुठली ते सांगून ठेवते, नाहीतर तू अकरावीचं आख्खं पुस्तक काढून बसशील. इंटिग्रेशनच्या सुरुवातीच्या गणितांत त्रिकोणमिती म्हणून जे सारखं लागतं ते एवढ्यात मावतं:

```
sin²x = (1 − cos 2x)/2
cos²x = (1 + cos 2x)/2
sin 3x = 3 sin x − 4 sin³x
cos 3x = 4 cos³x − 3 cos x
2 sin A cos B = sin(A+B) + sin(A−B)
1 + tan²x = sec²x
```

पहिली दोन पाठ करण्याआधी cos 2x = 1 − 2 sin²x पासून एकदा स्वतः काढून बघ, मग ती विसरली तरी पेपरात परत काढता येतात. तिसऱ्या-चौथ्यातून sin³x आणि cos³x एकटे डावीकडे आणून ठेव, गणितात ती तशीच लागतात. पाचव्याचे आणखी भाऊबंद आहेत, cos A cos B आणि sin A sin B चे. ते पुस्तकात शेजारीच सापडतील, पण त्यांच्या चिन्हांत गोंधळ होतो, म्हणून ते या आठवड्यात नकोच. ही सहा सूत्रं शनिवारी रात्री न बघता लिहिता आली, तर रविवारी सकाळी मेसेज पाठव.